डोक्यामागचा पापड

शिवगंगाबाईंचा उडदाचा पापड ज्यानं खाल्ला नाही तो माणूस एकतर परमुलखातला असणार, नाहीतर त्याच्या तोंडाची चव गेलेली असणार, असं उदगीरपासून नांदेडपर्यंत सगळे धरून चालतात. लग्नाच्या पंगतीत पापड मोडल्याचा आवाज नीट आला नाही तर वरमाय विचारते, "शिवगंगेचा न्हाई का आणला?" एवढं नाव कमवायला बाईंना उमर घालवावी लागली. मिरी स्वतः निवडायच्या, पापडखार स्वतः चाखायच्या, आणि गल्लीगल्लीतल्या बायका घरी पापड लाटून आणायच्या तेव्हा दारात बसून एकेक पापड उजेडाला धरून बघायच्या. ज्यातून उजेड सारखा दिसेना तो पापड बाजूला पडायचा.

पाकिटावर बाईंचा फोटो होता. डोक्यावरून पदर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि डोक्याच्या बरोब्बर मागं एक भलामोठा पिवळाधमक पापड. लातूरच्या चित्रकारानं तो तिथं का ठेवला हे त्यालाच माहीत. जवळून पाहिलं तर मिरीचे ठिपके दिसायचे, पण दुकानातल्या फळीवर लांबून पाहिलं की देवादिकांच्या कॅलेंडरात डोक्यामागं तेज असतं ना, अगदी तसंच वाटायचं. देगलूरच्या एका दुकानदारानं तर पाकीट गल्ल्याच्या मागं चिकटवून त्याला रोज फूल वाहायला सुरुवात केली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या वैतागल्या. "आरं, फोटोला फूल मेलेल्याच्या वाहत्यात. मी आजून जिती हाय म्हणून सांगा त्येला."

त्यांचा एकुलता एक मुलगा अमरनाथ. चाळिशी ओलांडलेला, अंगानं भरलेला, स्वभावानं गोड आणि आतून एका गोष्टीनं कायमचा दुखावलेला. शाळेत तो पापडवाल्या बाईंचा पोरगा होता, कॉलेजात पापडवाल्या बाईंचा पोरगा होता, आणि आता धंद्याचा सगळा बाहेरचा व्यवहार सांभाळत असूनही लोक ओळख करून देताना म्हणायचे, "हे आपले पापडवाल्या शिवगंगाबाईंचे चिरंजीव." आयुष्यात एकदा तरी आपल्या स्वतःच्या करामतीला कुणीतरी चांगलं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा काही वावगी नव्हती. पण तिच्यापायी त्यानं चहा काढला.

मसाला चहा. आसामची बारीक पत्ती मागवून त्यात सुंठ, वेलदोडा आणि जायफळ त्यानं आपल्या हातानं मिसळलं. प्रमाण ठरवायला कित्येक आठवडे घरातल्या सगळ्यांना इतका चहा पाजला की त्याची बायको मंजुश्री पहाटेपर्यंत टक्क जागी राहायला लागली. शेवटी प्रमाण ठरलं. पाकीटही ठरलं. तोच फोटो, तीच विभूती, आणि चहाचा पापडाशी काही संबंध नसताना डोक्यामागं तोच पापड.

चहा बाजारात गेला आणि धुरळा उडाला. नांदेडचा व्यंकट हा त्यांचा सगळ्यात मोठा वितरक, दीडशे दुकानांना माल पुरवणारा आणि बोलायला फटकळ. त्याचा फोन आला. "मालक, चहा धाडा. गिऱ्हाईक खडं हाय. म्हणून राहिलेत, अशी चवच कुठं न्हाई."

"खरंच म्हणतेत?"

"मी कशाला खोटं बोलू? एक मास्तर म्हणले, एका घोटात कळतं की घरचा माल हाय."

अमरनाथनं फोन ठेवला आणि तो जो फुगला तो फुगलाच. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो जायफळाची महती सांगू लागला. कारखान्यावर नवी पाटी करायला टाकली, त्यात 'चहा' मोठ्या अक्षरात आणि 'पापड' बारीक. पापड वाळवायच्या लांबलचक शेडपैकी अर्धी शेड चहाला घ्यायची, असंही मनातल्या मनात ठरवलं. फक्त आईची संमती हवी होती. घरात सगळे बाईंना अव्वा म्हणत.

"अव्वा, चहा कसा लागला?" तो रोज विचारायचा.

अव्वा बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायच्या आणि म्हणायच्या, "गरम हाय."

"गरम हाय ते मला बी दिसायलंय. चव कशी हाय?"

"सारं जग चांगला म्हणायलंय की. मला कशाला इचारतोस?" एवढं बोलून त्या पापड उजेडाला धरायच्या. शेडचा विषय काढला की म्हणायच्या, "तुझा चहा आपल्या पायावर उभा ऱ्हायला की घे शेड. मी काय वर घिऊन जायलेय?"

आपल्या पायावर म्हणजे काय, हे अमरनाथला कळेना. नांदेडात दीडशे दुकानांत उभा असलेला चहा आणखी कुठल्या पायावर उभा करायचा?

मग पाडव्यानंतर घोळ झाला. अव्वा गुडघ्याच्या दुखण्यानं लातूरला लेकीकडं राहायला गेल्या होत्या, आणि पापडखाराचं पोतं अमरनाथनं नेहमीच्या व्यापाऱ्याऐवजी दुसऱ्याकडून घेतलं. खार चाखून बघायचं काम अव्वांचं. अमरनाथनं फक्त पोतं बघितलं, आणि पोतं दिसायला उत्तम होतं. त्या खाराचे पापड तळले की लाल पडायचे आणि जिभेवर कडवट, साबणासारखी चव रेंगाळायची. हे कळेपर्यंत एक अख्खी खेप नांदेडला पोचली होती.

व्यंकटचा फोन आला तो शिव्या गिळूनच. "मालक, पापडाला काय झालं? बायका पाकिटं आणून आदळून राहिल्या काऊंटरवर."

"खार चुकला. सगळा माल परत घेतो. तुमी चहावर जोर द्या तवर."

"चहाचंच सांगायला फोन केला. चहा बी परत पाठवून राहिलो."

"चहा कशाला?"

"चहा बी कडवट झालाय म्हणतेत लोक. ते मास्तर म्हणले, साबणाचा वास येतो."

अमरनाथ तीन ताड उडाला. पत्ती तीच, सुंठ तीच, पत्तीचं पोतंसुद्धा तेच. चहा आणि पापड एका खोलीत बनतसुद्धा नव्हते. त्यानं जेवणावरून उठून मंजुश्रीपुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. मंजुश्री चाकूरच्या शिक्षकाची मुलगी, लातूरला व्यवसायाचं शिकलेली, आणि धंद्याचा पॅकिंगचा विभाग तिच्याच ताब्यात होता.

"पापड बिघडला तर चहाचा काय गुन्हा?" अमरनाथ म्हणाला.

"अन् पापड चांगला होता तवा चहाचं काय कर्तृत्व होतं?" मंजुश्रीनं पोळी लाटता लाटता विचारलं.

हे बोलणं त्याला झोंबलं. "म्हंजे लोक चहा चांगला म्हणत होते ते खोटं?"

"खोटं न्हाई हो. त्यांना खरंच चांगला लागत होता. आता खरंच कडू लागायलाय. एक वस्तू मनात बसली की तिच्या उजेडात त्या घरची बाकीची वस्तू बी उजळ दिसती. ती काळवंडली की सगळंच काळवंडतं. आमाला शिकवलं होतं हे. आपल्या पाकिटावर तर त्याचं चित्रच हाय, अव्वांच्या डोक्यामागं."

"आसल लोकांचं तसं. मला चव कळती. माझा चहा मी डोळे झाकून वळखतो."

"बरं," मंजुश्री म्हणाली, आणि तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. नवऱ्यानं इथंच सावध व्हायला पाहिजे होतं.

लातूरला त्याच आठवड्यात लघुउद्योगांचं प्रदर्शन होतं. अव्वा तिकडंच होत्या, स्टॉल आधीच घेतलेला होता. जुन्या खाराचे चांगले पापड शिल्लक होते ते मांडले, आणि मंजुश्रीनं टेबलावर दोन थर्मास ठेवले. एकापुढं चहाचं पाकीट, अव्वांच्या फोटोसकट. दुसऱ्यापुढं काहीच नाही, नुसती 'चहा' अशी चिठ्ठी. लातुरात कडू पापडाची खेप पोचलीच नव्हती, त्यामुळं इथं अव्वांचं नाव शाबूत होतं. येणाऱ्याला ती दोन्हीतला घोट घोट द्यायची आणि विचारायची, कुठला बरा?

अमरनाथ छाती काढून बाजूला उभा. एक वकीलसाहेब आले, दोन्ही प्याले, आणि पाकिटाकडं बोट दाखवून म्हणाले, "हा. याला घरचा स्वाद आहे. तो दुसरा हॉटेलातला वाटतो." भाजीवाल्या बाई आल्या, म्हणाल्या, "ह्यो दाट हाय, त्यो पाणचट." एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तर पाकिटाचा चहा पिऊन घसा मोकळा झाल्याचं सांगितलं. दहातले आठ जण पाकिटाच्या बाजूनं. अमरनाथचा चेहरा पुन्हा पुरणपोळीसारखा फुगला.

"आता तुमी सांगा," मंजुश्री म्हणाली आणि दोन कप त्याच्यापुढं ठेवले, प्रत्येक आपापल्या थर्मासपुढं.

अमरनाथनं आधी पाकिटाचा घेतला. डोळे मिटले. "हे बघ. आधी सुंठ येती, मग वेलदोडा, अन् गिळल्यावर जायफळ. ह्याला म्हणतेत मिश्रण." मग दुसरा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात नुसती पत्ती उकळलीय. जायफळाचा पत्ता न्हाई. कुठल्या कंपनीचा हाय?"

"आपल्याच."

"आपल्या कुठल्या?"

"एकाच पातेल्यातला हाय दोन्हीकडं. सकाळी मीच केलाय, तुमच्याच पाकिटातला."

अमरनाथनं दोन्ही थर्मासांची झाकणं उघडून वास घेतला. दोन्ही कप पुन्हा प्याला. मग खुर्चीवर बसला. स्वतःच्या हातानं मिसळलेलं जायफळ त्याला स्वतःला चिठ्ठीच्या चहात सापडलं नव्हतं. मागं अव्वा स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, हे त्याला जास्त लागलं.

"वाईट वाटून घेऊ नका," मंजुश्री हळूच म्हणाली. "आमच्या बाबांचं बी तसंच झालं. तुमचं स्थळ आलं तवा त्यांनी तुमची चौकशीच केली न्हाई. अव्वांनी पापडाचा डबा पाठवला होता. बाबा एक पापड खाऊन म्हणले, ज्या घरचा पापड असा त्या घरचा पोरगा वाया जायचा न्हाई."

"अन् मग?" अमरनाथनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मग काय. नशिबानं पोरगा बी बरा निघाला. पण ते नंतर कळलं, वापरून बघितल्यावर."

अव्वा मात्र तिथूनच उदगीरला परतल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. आल्याबरोबर खाराचं पोतं नालीत ओतायला लावलं, जुन्या व्यापाऱ्याकडून नवं मागवलं, चिमूट जिभेवर ठेवून पास केलं आणि पुन्हा दारात बसून पापड उजेडाला धरू लागल्या. महिन्याभरात पापड पहिल्यासारखा झाला. आणि लागलीच व्यंकटचा फोन. "मालक, पापड फस्क्लास. आन् चहा बी धाडा, गिऱ्हाईक म्हणून राहिलंय चहा सुधारला."

"कुणी प्याला?"

"मास्तरांकडं जुनं पाकीट पडून होतं. परवा पुन्हा करून बघितला. म्हणले, आता साबणाचा वास गेला."

परत आलेला चहा तसाच्या तसा, त्याच खोक्यांतून पुन्हा नांदेडला गेला आणि संपला. दुसरा कुणी असता तर सुखानं झोपला असता. अमरनाथला झोप येईना. आता कुणी चहा चांगला म्हटलं की त्याला त्या माणसाच्या डोक्यामागं पापड दिसायचा.

शेवटी त्यानं एक उद्योग केला. त्याच चहाची थोडी पाकिटं साध्या खाकी कागदात भरली. वर ना अव्वा, ना विभूती, ना पापड. फक्त 'मसाला चहा' आणि फोन नंबर. व्यंकटनं ती बघितली आणि कपाळाला हात लावला. "मालक, आईचा फोटो लावा की. हे तर रॉकेलच्या दुकानातलं दिसून राहिलंय. असं कोण घेईल?"

कुणी घेतलंही नाही. उदगीरच्या बाजारात लोक पाकीट उलटंसुलटं करून ठेवून द्यायचे. अमरनाथ पार चाकूरपर्यंत एकेका चहाच्या टपरीवर फिरून फुकट वाटून आला. कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. अव्वा आपल्या मुलाचा उतरलेला चेहरा रोज बघत होत्या. त्यानं चहा कसा लागला हे विचारणंही सोडून दिलं होतं.

आणि मग एके दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "खाकी पाकिटवाले का? मी पिराजी, चाकूरच्या ष्टँडासमोर माझं हाटेल हाय. तुमचा चहा संपला. आनखी पाहिजे."

अमरनाथ दुसऱ्या दिवशी स्वतः पाकिटं घेऊन गेला. पिराजी म्हणजे वाळलेला, मिशीवाला, कपाळाला कायम आठ्या असलेला माणूस. त्यानं पाकिटं घेतली आणि म्हणाला, "चहा ठीक हाय."

"ठीक?"

"सुंठ बेस हाय. पत्तीला रंग हाय. जायफळ लई घातलं तुमी. दोन कप पिला की गिऱ्हाईक बाकावरच पेंगायलंय, ष्टी निघून जायली तरी उठंना. जायफळ निम्मं करा, मग मी दुसरी पत्ती घेणार न्हाई."

इतक्या दिवसांत चहाबद्दल कुणी त्याला असं बोललं नव्हतं. 'घरचा स्वाद' नाही, 'एका घोटात कळतं' नाही, फक्त 'जायफळ निम्मं करा'. पण त्याला खात्री करून घ्यायची होती. "पिराजीभाऊ, एक इचारू? तुमी पापड कुठला खाता?"

"पापड? मला बीपी हाय. डॉक्टरनं खारट बंद केलंय. घरात पापडच येत न्हाई."

"पण शिवगंगाबाईंचं नाव तर ऐकलं आसंल?"

"कोण?" पिराजीनं विचारलं.

त्या एका शब्दानं अमरनाथचे डोळे भरून आले. आयुष्यभर जो शब्द ऐकायला तो आसुसला होता तो चाकूरच्या बसस्टँडसमोर, भज्यांच्या कढईशेजारी त्याला मिळाला. त्यानं पिराजीचा हात दोन्ही हातांत धरला. पिराजीनं हळूच गल्ल्याचं कुलूप चाचपून बघितलं.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. मंजुश्री हसली, पण डोळ्यांतून कौतुक लपत नव्हतं. अव्वा हातातला पापड खाली ठेवून म्हणाल्या, "जायफळ जास्त हाय ते मला पैल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोललीस का न्हाई?"

"कळलं होतं म्हंजे, वाटलं होतं. मिरीच्या दाण्याला मी खोटं बोलू देत न्हाई. पण लेकराच्या हातचा चहा तोंडाशी आला की मला उमजंना, चहा ग्वाड लागायलाय का लेकरू. म्हणून म्हणायची गरम हाय. तेवढंच खात्रीनं सांगता येत हुतं."

अमरनाथ त्यांच्या पायाशी बसला. इतकी वर्षं तो अव्वांच्या उजेडातून बाहेर पडायला धडपडत होता, आणि त्याच्याही डोक्यामागं अव्वांनी एक पापड लावून ठेवला होता, हे त्याला आज कळलं. त्याला लई बरं वाटलं, आणि थोडं रडूही आलं.

"शेडचा एक कोपरा घे," अव्वा म्हणाल्या. "अर्धी न्हाई. एका हाटेलापुरता कोपरा."

आठवड्यानं जायफळ निम्मं केलेली पाकिटं घेऊन तो चाकूरला निघाला, तेव्हा अव्वांनी पिशवीत आणखी एक पुडकं टाकलं. वरून फोटो दिसतच होता. "त्या पिराजीला दे. बीपी आसंल तर आसंल, घरच्यांना तर खाऊ दे. मला वळखत न्हाई म्हंजे काय?" दुखावलेल्या स्वरात त्या पुढं म्हणाल्या, "एक पापड खाल्ला की वळखंल."

"तेच तर," अमरनाथ पुटपुटला.

चाकूरच्या अलीकडच्या थांब्यावर त्यानं पिशवीतलं पुडकं काढलं. कंडक्टरला अर्धं दिलं, शेजारच्या म्हातारीला चार पापड दिले, उरलेले पाकिटासकट ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरच्या लग्नघरच्या माणसांना दिले, आणि आपल्या हाताला उडदाचा वासही राहू नये म्हणून बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. मग चाकूरच्या बसस्टँडवर नुसती खाकी पाकिटं घेऊन तो खाली उतरला आणि भज्यांच्या धुराकडं चालू लागला.